अस्वलांच्या घरी ईडी

आमच्या सौभाग्यवती प्राथमिक शाळेतून इंग्रजीच्या शिक्षिका म्हणून निवृत्त झाल्या, पण त्यांच्यातली शिक्षिका निवृत्त झाली नाही. दर रविवारी सकाळी दहा वाजता सोसायटीतली नऊ मुलं आमच्या हॉलमध्ये सतरंजीवर बसतात आणि इंग्रजी शिकतात. मी तेवढा वेळ आतल्या खोलीत पेपर वाचत बसतो. म्हणजे बसायचो. गेल्या महिन्यात हिनं आतल्या खोलीत येऊन पेपर माझ्या हातातून काढून घेतला आणि म्हणाली, "अहो, नाहीतरी रिकामेच असता. मुलांचा भूतकाळ चाललाय. एक परीकथा घ्या, सोप्या भूतकाळात लिहा आणि क्रियापदांच्या जागा रिकाम्या सोडा. मुलं भरतील."

मी बँकेत चौतीस वर्षं लोकांकडून फॉर्ममधल्या रिकाम्या जागा भरून घेतल्या आहेत. रिकामी जागा सोडण्यात काय कठीण आहे, असं मला वाटलं. शिवाय हिच्यासमोर भाषेच्या बाबतीत काही करून दाखवायची संधी मला क्वचित मिळते. ही सदाशिव पेठेतली आणि मी अकोल्याचा. लग्नानंतर पहिल्याच सकाळी मी "चहा पिला" म्हणालो, तेव्हा हिनं कप खाली ठेवून "प्यायला" अशी दुरुस्ती केली. ती दुरुस्ती अजून चालू आहे.

गोष्ट मी निवडली गोल्डिलॉक्स आणि तीन अस्वलांची. एक सोनेरी केसांची मुलगी जंगलात अस्वलांच्या घरात शिरते, त्यांची पॉरिज खाते, खुर्ची मोडते, बिछान्यात झोपते आणि अस्वलं परत आल्यावर पळून जाते. रॉबर्ट साउदी या इंग्रज कवीनं 1837 मध्ये ही गोष्ट छापली, तेव्हा घुसखोरी करणारी बाई चक्क म्हातारी होती. 1850 मध्ये जोसेफ कंडल यांनी तिच्या जागी लहान मुलगी आणली, कारण म्हाताऱ्यांच्या गोष्टी उदंड झाल्या होत्या. तेव्हापासून या गुन्ह्याकडे सगळे कौतुकानं पाहतात. भूतकाळ शिकवायला मात्र ही गोष्ट फार सोयीची. तीत सगळेजण सारखं काही ना काही करत असतात आणि निसर्गवर्णनात कोणी वेळ घालवत नाही.

दोन तास खपून मी पहिला मसुदा हिच्यापुढे ठेवला. त्यात चाळीस रिकाम्या जागा होत्या. हिनं तो मोठ्यानं वाचायला घेतला आणि तिसऱ्या ओळीला थांबली. "ही गोष्ट आहे का? कवळी काढून ठेवलेल्या माणसाची मुलाखत वाटतेय."

मग माझा वर्ग सुरू झाला. गोष्ट कळली तरच मूल योग्य क्रियापद भरणार, म्हणून पानभर गोष्टीत पंधरा-सोळा जागा पुरेत. पहिलं वाक्य पूर्ण द्यायचं, म्हणजे काळ कोणता ते मुलाला कळतं. प्रत्येक जागेपुढे कंसात मूळ क्रियापद द्यायचं, नाहीतर 'गोल्डिलॉक्स दाराकडे...' याच्यापुढे गेली, धावली, वळली, रांगली असं काहीही येतं आणि सगळंच बरोबर ठरतं. शिवाय सगळ्या रेघा सारख्या लांबीच्या हव्यात. मी प्रामाणिकपणे प्रत्येक उत्तराच्या मापाची रेघ मारली होती. "मुलं रेघ मोजतात," ही म्हणाली. "व्याकरण येत नसलं तरी मोजणी येते त्यांना."

हिनं माझी दोन क्रियापदं साफ कापली. एक 'पुट'. त्याचा भूतकाळही पुटच, म्हणजे कंसातला शब्द उतरवून काढला की मार्क. उलट ज्या मुलानं डोकं चालवून 'पुटेड' लिहिलं, त्याला शून्य. दुसरं 'लाय'. गोल्डिलॉक्स बिछान्यावर आडवी झाली, इथे मी ते घातलं होतं. पण आडवं होण्याच्या 'लाय'चा भूतकाळ 'ले', खोटं बोलण्याच्या 'लाय'चा 'लाइड', आणि 'ले' हे स्वतःच ठेवण्या-अंथरण्याचं आणि अंडी घालण्याचं वेगळं क्रियापद, त्याचा भूतकाळ 'लेड'. मूल बिचारं 'लाइड' लिहिणार आणि गोल्डिलॉक्स बिछान्यावर जाऊन खोटं बोलणार. "आणि 'लेड' लिहिलं तर अंडं घालणार," मी म्हणालो. ही हसली नाही, पण तिनं 'लाय' काढून 'स्लीप' घातलं.

अस्वलांच्या प्रसिद्ध संवादातही मला अडवण्यात आलं. मूळ गोष्टीत अस्वलं घरी येऊन म्हणतात, 'समबडी हॅज बीन...' आणि पुढे पॉरिज, खुर्ची, बिछाना वगैरे. हा सोपा भूतकाळ नाही. त्यात कुणीतरी मघापासून खात होतं आणि त्याचा पुरावा अजून वाडग्यात दिसतो आहे, असा अर्थ आहे. जंगलातली अस्वलं व्याकरणाच्या तीन इयत्ता पुढे होती. आमच्या सतरंजीसाठी त्यांना खाली उतरवावं लागलं.

शेवटी मंजूर झालेली गोष्ट अशी:

वन्स अपॉन अ टाइम देअर वेअर थ्री बेअर्स. दे ____ (लिव्ह) इन अ स्मॉल हाऊस. मदर बेअर ____ (कुक) सम पॉरिज. इट ____ (बी) व्हेरी हॉट, सो दे ____ (गो) फॉर अ वॉक. गोल्डिलॉक्स ____ (नॉक) ऑन द डोअर. नोबडी ____ (आन्सर). शी ____ (ईट) बेबी बेअर्स पॉरिज. शी ____ (सिट) ऑन हिज चेअर अँड ____ (ब्रेक) इट. शी ____ (वॉण्ट) टू रेस्ट, सो शी ____ (स्लीप) इन हिज बेड. द बेअर्स ____ (कम) होम. शी डिड नॉट ____ (हिअर) देम. बेबी बेअर ____ (क्राय). शी ____ (जम्प) आउट ऑफ द बेड अँड ____ (रन) अवे.

सोळा जागा. सात सरळ क्रियापदं, आठ वाकडी आणि एक सापळा.

रविवारी मला परीक्षक म्हणून हॉलमध्ये खुर्ची मिळाली. ही फळ्यापाशी उभी राहून म्हणाली, "भूतकाळ करायचा म्हणजे क्रियापदामागे काय लावायचं?"

"ईडी!" नऊच्या नऊ मुलं ओरडली.

समोरच्या ब्लॉकमधले वकीलसाहेब दारावरून जात होते, ते थबकले. बातम्या पाहणाऱ्या माणसाला भर सकाळी 'मागे ईडी लावायची' असं कानावर पडलं तर काय वाटेल! मी बाहेर जाऊन त्यांना खुलासा केला. वॉकमागे ईडी लागली की वॉक्ड, जम्पमागे लागली की जम्प्ड, प्रकरण एवढंच आहे. पण आत येऊन बसलो तेव्हा ते डोक्यातून जाईना. कारण पुढचे दोन तास मी जे पाहिलं, ते खरोखर कोणाच्या मागे ईडी लागते आणि कोणाच्या लागत नाही, याचंच प्रकरण होतं.

आधी सरळ क्रियापदं. त्यांचं लिहिणं सोपं असतं, बोलणं नव्हे. दोन वेण्यांच्या मुलीनं वाचलं, "मदर बेअर कुकेड." 'नॉकेड', 'जम्पेड' हेही त्याच चालीवर आले. लिहिताना ईडी एकच असली तरी तिचे आवाज तीन आहेत. कुक, नॉक, जम्प यांच्यामागे ती 'ट' होते: कुक्ट, नॉक्ट, जम्प्ट. लिव्ह, आन्सर, क्राय यांच्यामागे 'ड'. आणि मूळ क्रियापदच ट किंवा ड या आवाजावर संपत असेल, तरच स्वतंत्र 'इड' ऐकू येतो: वॉण्टिड. सोळा जागांत असं एकच होतं, पण मुलांनी तो 'एड' सातही ठिकाणी वाटला.

हे ओळखायची खूण हिनं दाखवली. गळ्यावर बोट ठेवायचं आणि क्रियापदाचा शेवटचा आवाज काढायचा. गळा थरथरला तर 'ड', नाही थरथरला तर 'ट'. नऊ मुलं गळा धरून 'क् क् क्' आणि 'व्ह् व्ह् व्ह्' करू लागली. शेजारच्या आजी पाण्याचा तांब्या घेऊन धावत आल्या. कुणाच्या घशात काय अडकलं, असं त्या विचारत होत्या. त्यांना काय सांगणार? इंग्रजी अडकलंय.

मग वाकडी क्रियापदं आली आणि खरी गंमत सुरू झाली. तपासायला घेतलेल्या पहिल्याच कागदावर गोल्डिलॉक्सनं पॉरिज 'ईटेड' केली होती, खुर्ची 'ब्रेक्ड' केली होती, ती 'स्लीप्ड' झाली होती आणि शेवटी 'रन्ड' अवे. सगळ्यांच्या मागे ईडी. मी लाल पेन उघडलं. हिनं माझा हात धरला.

"काट मारा, पण कपाळाला आठ्या नकोत. हा मुलगा नियम शिकलाय. 'ईटेड' हे त्याला कुणी शिकवलं नाही, त्यानं कुठे ऐकलंही नाही. ते त्यानं स्वतः तयार केलंय."

आणि तिनं मला जीन बर्को या अमेरिकन बाईंची हकीकत सांगितली. 1958 मध्ये त्यांनी लहान मुलांना चित्रं दाखवली आणि मुद्दाम खोटे शब्द वापरले. एका चित्रात एक माणूस काहीतरी विचित्र करतो आहे, त्या क्रियेला त्यांनी 'रिक' असं नाव दिलं. हा माणूस रिक करतो आहे, काल त्यानं हेच केलं, तर काल त्यानं काय केलं? आणि पुढे रिकामी जागा. जगात नसलेलं क्रियापद, पण मुलांनी बिनदिक्कत 'रिक्ट' म्हणून टाकलं. पाठांतराचा प्रश्नच नव्हता. नियम त्यांच्या डोक्यात तयार होता. इंग्रजांची स्वतःची पोरंसुद्धा आधी ऐकून-ऐकून 'वेंट' बरोबर म्हणतात, मग नियम सापडला की काही काळ 'गोड' म्हणू लागतात आणि पुढे पुन्हा 'वेंट'वर येतात. मधला काळ मागे गेल्यासारखा दिसतो, पण खरं तर पोर तेव्हा पुढे गेलेलं असतं.

"मग ही वाकडी क्रियापदं एकदाची सरळ का करत नाहीत?" मी विचारलं. बँकेत आम्ही जुनी खाती नव्या सिस्टिमवर आणली होती, त्यात काय एवढं?

"होतात ना, आपोआप होतात. पण कोणती होतात ते बघा." जुन्या इंग्रजीतली 177 वाकडी क्रियापदं घेऊन अभ्यासकांनी त्यांचा पुढचा प्रवास तपासला. हे 2007 मध्ये प्रसिद्ध झालं. त्यातली आज 98 वाकडी उरली आहेत. बाकीच्यांच्या मागे ईडी लागली. 'हेल्प'चा भूतकाळ पूर्वी 'होल्प' होता, आज तो मुकाट्यानं 'हेल्प्ड' आहे. आणि सुटलं कोण? जी क्रियापदं सारखी वापरात असतात, दिवसातून शंभरदा कुणाच्या ना कुणाच्या तोंडात असतात, ती सुटली. आज इंग्रजीत सर्वांत जास्त वापरली जाणारी दहा क्रियापदं घ्या. असणं, जवळ असणं, करणं, म्हणणं, बनवणं, जाणं, घेणं, येणं, पाहणं, मिळणं. दहाच्या दहा वाकडी आहेत. एकाच्याही मागे ईडी नाही.

कारण साधं आहे. जो शब्द रोज कानावर पडतो, त्याचं वाकडं रूप पोरांच्या लक्षात राहतं. जो वर्षातून दोनदा भेटतो, त्याचं रूप विसरायला होतं आणि विसरलं की नियम लावायचा, म्हणजे ईडी. 'गूगल'सारखं कालपरवा जन्मलेलं क्रियापद तर पाळण्यातच अडकतं: गूगल्ड. मी खुर्चीत मागे रेललो. ज्यांची वर रोजची ऊठबस आहे ते मोकळे, आणि जे फारसे कुणाच्या ओळखीचे नाहीत ते नियमात. व्याकरण एवढं व्यवहारी असेल असं मला वाटलं नव्हतं.

मात्र सुटलेल्यांतही 'वेंट'चं प्रकरण वेगळं निघालं. चष्मेवाल्या मुलानं विचारलं, "काकू, गोमध्ये वेंटचं एक अक्षर तरी आहे का?" नाहीच. 'वेंट' हा मुळात 'वेंड' नावाच्या दुसऱ्याच क्रियापदाचा भूतकाळ. 'गो'चा स्वतःचा जुना भूतकाळ गळून पडला आणि त्यानं शेजाऱ्याचा उचलला. 'वेंड'ला मग ईडी लावून 'वेंडेड' करून घ्यावं लागलं. म्हणजे माल एकानं नेला आणि मागे ईडी लागली दुसऱ्याच्या.

मुलं इंग्रजांना हसू लागली. हिनं फळ्यावर मराठीत लिहिलं: 'तो घरी ____ (जाणे).'

"गेला," सगळे म्हणाले.

"जाण्यात 'गे' आहे का?"

शांतता. आमचं 'जाणे' संस्कृतातल्या 'या'वरून आलेलं आणि 'गेला' हा 'गत'मधून, म्हणजे दुसऱ्याच धातूचा. जाताना एक, परतल्यावर दुसराच. मग मुलांनी आपल्याच घरातली वाकडी भांडी बाहेर काढायला सुरुवात केली. करणे-केला, येणे-आला, मरणे-मेला, होणे-झाला, देणे-दिला. कोपऱ्यातली एक म्हणाली, "माझा धाकटा भाऊ 'मी चित्र करलं' म्हणतो. आई हसते त्याला."

"तो जीन बर्कोचा विद्यार्थी आहे," मी म्हणालो. परीक्षकाला एवढं तरी बोलायला हवं.

मराठी आमच्या मुलांच्या आड आली ती मात्र दोन ठिकाणी, आणि दोन्ही ठिकाणी तर्क मुलांच्याच बाजूनं होता. दोन वेण्यांच्या मुलीनं 'शी सॅटी ऑन हिज चेअर' असं लिहिलं होतं. का, तर गोल्डिलॉक्स मुलगी आहे. बाबा अस्वल बसला, मुलगी बसली, पिल्लू बसलं. मग तो सॅट आणि ती सॅटी नको? बिनतोड युक्तिवाद होता. इंग्रजी क्रियापद कोण बसलं ते पाहतच नाही, हे तिला पटेना. तिला त्यात इंग्रजीचा आळस दिसला.

दुसरं ठिकाण म्हणजे सापळा: 'शी डिड नॉट ____ (हिअर) देम.' नऊपैकी आठ जणांनी 'हर्ड' लिहिलं. मराठीत 'तिनं ऐकलं नाही' म्हणताना भूतकाळ 'ऐकलं'वर असतो आणि 'नाही' फक्त मागून येऊन उभं राहतं. इंग्रजीत नकार आला की 'डू' पुढे होतो, 'डिड' होऊन भूतकाळाचं सगळं ओझं आपल्या डोक्यावर घेतो, आणि मुख्य क्रियापद हात हलवत मोकळं चालतं: डिड नॉट हिअर. प्रश्न विचारतानाही तसंच, डिड शी हिअर. ओझं एक आणि हमाल एक, दोघांनी उचलायचं नाही. हे कळल्यावर चष्मेवाला म्हणाला, "म्हणजे डिड असला की वाकड्या क्रियापदांचं पाठांतर करायलाच नको!" आणि त्यानं जाहीर केलं की यापुढे तो सगळा भूतकाळ नकारातच सांगणार.

निकाल लागला. सरळ क्रियापदं बहुतेकांची लिहून बरोबर आली, फक्त 'क्राय'पाशी चौघे घसरले. वायच्या आधी व्यंजन असलं तर वायचा आय करून मग ईडी लावायची असते. वाकड्यांत 'वॉज' आणि 'वेंट' सगळ्यांना आले आणि 'ब्रोक' फक्त तिघांना. ज्याची ऊठबस जास्त तो लक्षात राहिला, तर खुर्ची मोडण्याचा प्रसंग रोज येत नाही. एका मुलानं 'स्लीप'च्या जागी झकास इंग्रजीत गोल्डिलॉक्स 'स्नोअर्ड', म्हणजे घोरली, असं लिहिलं. स्पेलिंग बरोबर, ईडी बरोबर, अर्थ तर मूळ गोष्टीपेक्षा चांगला. मी मार्क दिला. हिनं तो खोडला. "कंसातलं क्रियापद वापरायचं असतं. नाहीतर ज्याला जे येत नाही ते टाळून तो जे येतं ते लिहील. मग आपल्याला कळणार कसं काय येत नाही ते?"

मुलं गेली. सतरंजी घडी करताना मी समाधानानं म्हणालो, "आज दमलो बुवा. सकाळपासून फक्त चार कप चहा पिला."

ही काही बोलली नाही. त्या शांततेवरूनच मला समजायला हवं होतं. मी बाजू मांडली. लिहिणे-लिहिला, पाहणे-पाहिला, तसं पिणे-पिला. मी नियम लावला आहे. त्या मुलाच्या 'ईटेड'ला कपाळाला आठ्या नकोत, मग माझ्या 'पिला'ला का? शिवाय अख्खं अकोला तसंच बोलतं. ही ऐकत होती आणि फळा पुसत होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी स्वयंपाकघरात चहाच्या डब्यावर एक चिठ्ठी चिकटवलेली होती. वळणदार अक्षर, रेघ अगदी मापाची:

'काल ह्यांनी चार कप चहा ____ (पिणे).'

मी बराच वेळ पेन हातात धरून उभा होतो. 'पिला' लिहावा तर घरात राहायचंय, 'प्यायला' लिहावा तर अकोल्याला तोंड दाखवायचंय. शेवटी मी रेघेवर ठळक अक्षरात 'घेतला' लिहिलं आणि पेपर उघडून बसलो.

दहा मिनिटांनी जाऊन पाहिलं. 'घेतला'वर लाल काट होती आणि खाली शेरा होता: कंसातलं क्रियापद वापरा. शून्य.